नागपूरची जागा होल्डवर होती

२९ ऑक्टोबर २०१२, सोमवार, सकाळी दहाचा सुमार. गोंदियाला लागून कुडव्यात आमचं घर, समोरची खोली.

हजर: बाबा, खाटेवर. आई, त्यांच्या पायाशी बसलेली. धाकटा भाऊ, हातात मोबाईल. आमचे मिस्टर, राइस मिलवर जायच्या तयारीत, एका पायात मोजा आणि दुसरा हातात. आणि मी.

गैरहजर: भावजय आणि पुतणी, आमगावला भावजयीच्या माहेरी.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी केली. सभेचं इतिवृत्त लिहिताना आधी तारीख आणि हजेरी मांडायची, मग विषय. ती सवय घरच्या गोष्टींनाही लागली, आणि खरं सांगायचं तर तिचा उपयोगच झाला. कोण होतं आणि कोण नव्हतं एवढं आधी लिहून काढलं की पुढचं आपोआप आठवतं.

विषय असा होता. भाऊ तांदळाच्या कोंड्यापासून तेल काढणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होता. उन्हाळ्यात तो कारखाना बंद पडला. बायको-मुलीला माहेरी ठेवून तो काम शोधायला लागला आणि तेवढ्यात पोळ्याच्या आसपास बाबांचं उजवं अंग गेलं. तिरोड्याकडच्या गावात डॉक्टर दूर पडायचा, म्हणून आई-बाबांना मी कुडव्यात आणलं, आणि भाऊही त्यांच्याबरोबर आमच्याकडे आला. बाबांची वाचा गेली होती. दोनच शब्द उरले होते, ‘हाव’ आणि ‘नको’. भाऊ रोज सकाळी त्यांच्या बगलेत हात घालून त्यांना उभं करायचा आणि खाटेपासून दारापर्यंत चालवायचा. माझ्या किंवा मिस्टरांच्या हाताने बाबा उठत नसत. आम्ही जवळ गेलो की अंग जड करून घेत. भावाने नुसतं “चला बाबा” म्हटलं की डावा पाय स्वतःहून खाली सोडत.

कामाचे दोन रस्ते होते. एक गुजरातेतला. तिथल्या बंदराजवळच्या तेल रिफायनरीने त्याची मुलाखत फोनवर घेतली होती, ऑफर लेटर मेलवर आलं होतं, आणि होकार किंवा नकार त्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत कळवायचा होता. दुसरा नागपूरचा. नोकऱ्यांच्या एका संकेतस्थळावर जाहिरात होती: क्यूसी केमिस्ट (दर्जा तपासणी), खाद्यतेल, नागपूर. खाली एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीचं नाव आणि फोन नंबर. भावाने सप्टेंबरातच अर्ज टाकला होता. त्याचा स्वतःचा मेल सायबर कॅफेत कोणीतरी उघडून त्यावर भलतंच काही पाठवलं होतं, म्हणून अर्जात मेल माझा दिला होता. अर्जासमोर ‘प्राप्त’ एवढंच दिसत होतं. पुढे काही हललं नव्हतं.

नागपूर म्हणजे सकाळच्या गाडीने गेलं तर दुपारच्या आत पोहोचायचं. दर शनिवारी घरी यायचं आणि सोमवारी पहाटे परत. गुजरात म्हणजे दिवाळी, नाहीतर लग्न, नाहीतर वाईट बातमी. घरात हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण त्या सोमवारी सगळे एका खोलीत का बसलो होतो ते प्रत्येकाला माहीत होतं.

भावाने नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

पलीकडे एक बाई होती, आवाजावरून तरुण. भावाने जाहिरातीचा कोड सांगितला. कीबोर्डचा आवाज आला.

“हां सर, क्यूसी केमिस्ट. सर, वो पोजिशन अभी होल्ड पे है. आपका प्रोफाइल अच्छा है, डेटाबेस में ले लिया है. कुछ भी हुआ तो हम आपको कॉल करेंगे.”

“होल्डवर आहे? म्हणजे आहे न जागा?”

“हां सर, है. होल्ड पे है. थँक्यू सर.”

फोन ठेवला गेला. मिस्टरांनी दुसरा मोजा घातला आणि मांडीवर थाप मारली.

“झालं न बे काम! होल्ड केली तिनं. आनखी काय पायजे तुले?”

“होल्ड म्हणजे काय जी?” आईने विचारलं.

“धरून ठेवली, मामी.” सासूला ते मामीच म्हणत. “आमचा शेठ नाही का, भाव पडला की माल होल्ड करते. गोदामात थप्पी लावून ठेवते. इकत नाही, कोनाले हातही लावू देत नाही. भाव आला की काहाडते. होल्डचा माल कुठी जाते का? तो आपलाच.” मिस्टर मिलमध्ये माल रवाना करायचं काम बघत. त्यांच्या दिवसात हा शब्द जितक्यांदा यायचा तितक्यांदा त्यांनी ‘पाणी’ म्हटलं नसेल. “प्रोफाइल अच्छा म्हणाली ती. आयकलं न सगळ्याईनं? अच्छा माल आहे म्हणून होल्ड केला.”

आई हसली. मला आठवतं, कारण पोळ्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती. भाऊ खाटेवर बाबांजवळ जाऊन बसला.

“बाबा, नागपूर होऊन राहिलं. दर शनिवारी येतो मी.”

“हाव,” बाबा म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी भावाचं मनगट धरलं.

कोजागिरी होती त्या दिवशी. आईने लगेच मला सांगितलं, दूध जास्तीचं घेऊन ये. मी ते डायरीत लिहिलंही. मग भाऊ म्हणाला, “ताई, गुजरातवाल्याईले आताच नाही म्हणून टाकतो. त्यांचा कायले खोळंबा करा? दुसरा मानूस तरी पाहतील.”

“थांब,” मी म्हटलं.

“काऊन?”

“तू काय विचारलंस आणि तिनं काय सांगितलं, ते आधी नीट पाहू.”

मिस्टरांनी कपाळावर हात मारला. “लागली हिच्या हापिसची हवा! अगं, पोराले नोकरी लागून राहिली, तू त्याच्यात टाचनी टोचून राहिली.”

टाचणी टोचायचं कारण होतं. आमच्या कार्यालयात विषयवार पदांचा एक तक्ता भिंतीवर असायचा. त्यात भौतिकशास्त्राच्या एका पदासमोर ‘रिक्त’ हा शब्द इतकी वर्षं होता की कागद पिवळा पडला होता. दर महिन्याला कोणीतरी उमेदवार यायचा, तक्ता पाहायचा आणि विचारायचा, “मॅडम, जागा आहे न?” जागा होती. पण भरतीला मंजुरी नव्हती. असलेली जागा आणि भरायची जागा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मी खिडकीत बसून कितीकांना समजावलं होतं. होल्ड या शब्दात मला तो पिवळा कागद दिसला. पण तेव्हा माझ्याजवळ पुरावा काही नव्हता. मिस्टरांजवळ निदान गोदाम होतं.

आणखी एक कारण होतं, ते खाटेवर होतं. बाबा बोदलकशाच्या तलावावर पाटबंधारे खात्यात कामाला होते. उन्हाळी धानाच्या दिवसांत लोक सकाळपासून दारात येऊन बसत. पाणी सुटणार का, एवढाच प्रश्न. त्यांच्याबरोबरचे दुसरे लोक “पाहू”, “होईल बहुतेक” म्हणत. बाबा तसं म्हणत नसत. आदेश आला असेल तर दिवस सांगायचे आणि आला नसेल तर “नाही” म्हणायचे. लोक रागवायचे, आईदेखील म्हणायची की गोड बोलायला काय जातं. बाबा म्हणायचे, अर्ध्या उत्तरावर मानूस पऱ्हे टाकून बसते. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. पाणी आलं नाही की ती जागच्या जागी पिवळी पडतात.

“बाबांनी असं उत्तर घेतलं असतं का?” मी भावाला विचारलं.

भावाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटले होते. मनगट सोडलं नव्हतं.

“शनिवारपर्यंत टाइम आहे तुझ्याजवळ,” मी म्हटलं. “मी मेल टाकते. लेखी विचारू.”

“टाक,” तो म्हणाला. पण तो रागावला होता. कोजागिरीचं दूध त्याने घेतलं नाही.

मेल मी दुपारी कार्यालयातून पाठवला, भावाच्या नावाने. विषयात पदाचं नाव, ठिकाण आणि जाहिरातीचा कोड. मजकूर चार ओळींचा ठेवला: अमुक दिवशी अर्ज केला, ही जागा अजून खुली आहे का आणि सध्या तिच्यासाठी मुलाखती घेतल्या जात आहेत का, मला दुसऱ्या ठिकाणी शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, म्हणून आधी कळवलंत तर आभारी राहीन. खाली भावाचा आणि माझा, दोघांचे नंबर.

मंगळवारी उत्तर नाही.

बुधवारी दुपारी भाऊ सायकल दामटत कॉलेजात आला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. सायबर कॅफेतून थेट आला होता.

“ताई, उघड. उघड ते वेबसाइट.”

मी उघडलं. नागपूरची जाहिरात यादीत सगळ्यात वर होती आणि तिच्यापुढे आजची तारीख होती.

“पाय! आज टाकली. होल्ड निघाला. भाऊजी बरोबर बोलून राहिले होते.”

तारीख समोर होती, ती खोटी कशी म्हणणार? जाहिरातीचा शब्दन् शब्द तोच होता, स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या लिपिक बाईही येऊन पाहून गेल्या आणि त्याला म्हणाल्या, “पेढे आणा आता.” मी म्हटलं, मग तर आत्ताच विचारू. मेलचं उत्तर नाही, फोन कर.

“नाही म्हणाली तर?” तो एकदम हळू बोलला.

हा प्रश्न सोमवारपासून त्याच्या पोटात होता हे मला तेव्हा कळलं. तो होल्डचा अर्थ मिस्टरांकडून शिकला नव्हता. कारखान्यात पाच-सहा वर्षं काढलेला माणूस, तेलाच्या नमुन्यात शंका आली की टाकीवर ‘होल्ड’ची पाटी तोच लावायचा. ती पाटी लागली की माल जागचा हलत नाही. चांगला निघेल की वाईट, ते पुढचं पुढे. त्याला माहीत होतं. त्याला फक्त शनिवारपर्यंत ते ऐकायचं नव्हतं.

“नाही म्हणाली तर नाही,” मी म्हटलं. “पण आपण विचारू.”

आम्ही मागच्या व्हरांड्यात गेलो, सायकल स्टँडजवळ. मी फोन घेतला, माझी ओळख सांगितली.

“सॉरी मॅडम,” ती बाई म्हणाली. आज मराठीत बोलत होती. “आम्ही कँडिडेटशीच बोलतो. सरांना द्या.”

फोन भावाला दिला, स्पीकर सुरू केला आणि काय विचारायचं ते रिकाम्या पाकिटावर लिहून त्याच्यासमोर धरलं.

“मॅडम, मी सोमवारी बोललो होतो. क्यूसी केमिस्ट. आज नवीन तारीख दिसून राहिली. चालू झाली का जागा?”

“सर, ती होल्डवरच आहे.”

“मंग तारीख?”

“ती आम्ही रिफ्रेश करतो, सर. जाहिरात खाली गेली की सीव्ही यायचे बंद होतात. रिफ्रेश केली की वर येते.”

“पन जागा भरून नाही राहिले, तर सीव्ही कशाले?”

“डेटाबेससाठी, सर. दुसऱ्या कंपनीला लागले तर आमच्याकडे तयार राहतात.”

मी पाकिटावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने ते वाचल्यासारखं विचारलं, “होल्ड म्हणजे माझ्यासाठी ठेवली, का काम थांबवलं?”

“थांबवलं, सर.”

“कोनी?”

“कंपनीने. त्यांची नवीन लाइन येणार होती, त्यासाठी माणूस पाहिजे होता. वरून मंजुरी अडली. जागा त्यांनी रद्द केली नाही म्हणून आम्हालाही बंद करता येत नाही.”

“शेवटचा सीव्ही कधी मागितला त्याईनं?”

“जुलैमध्ये.”

“मी तर सप्टेंबरात अर्ज केला.”

“हो सर.”

“माझा गेलाच नाही मंग पुढे.”

पलीकडे तिच्या मागे दुसरे फोन वाजत होते.

“नाही, सर. आमच्याजवळच आहे.”

माझ्या पाकिटावर आणखी एक प्रश्न होता, होल्ड कधी निघेल याचा. भावाने तो विचारला नाही. त्याने पाकीट माझ्या हातातून घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि स्वतःचं विचारलं.

“मॅडम, माझ्या बाबाईच्या अंगावरून वारं गेलं आहे. नागपूर असतं तर मी त्याईच्याजवळ राह्यलो असतो. माझ्याजवळ गुजरातची ऑफर आहे, शनिवारपर्यंत हो म्हनाचं आहे. मी थांबू का तुमच्यासाठी?”

“सर, हे मी सांगू नये.” मग तिने आवाज खाली आणला. बहुतेक तोंडाजवळ हात धरला असावा. “थांबू नका. ही जागा आज कोणीच भरत नाहीये. उद्या होल्ड निघेल, सहा महिन्यांनी निघेल, नाहीच निघणार, मला खरंच माहीत नाही. निघाला तर मी स्वतः फोन करीन. पण हातातली सोडू नका.”

“ठीक आहे, मॅडम.”

“बाबांना बरं वाटो, सर.”

सायकलचं स्टँड त्याला दोनदा लाथ मारूनही निघेना. मी काढून दिलं. “मेल टाक गुजरातले,” तो म्हणाला, “हो म्हणून. तूच टाक, मी नाही टाकत.” मी टाकला.

संध्याकाळी घरी मिस्टरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “हे कसं होल्ड गा? मालच नाही गोदामात, अना बोर्ड लावून ठेवला.” ते वाईट माणूस नव्हते. सोमवारी सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला होता.

बाबांना भावानेच सांगितलं. खाटेजवळ खाली बसून, हात हातात घेऊन. “बाबा, नागपूरचं नाही जमत. गुजरात. दिवाळीनंतर निघतो.”

“नको,” बाबा म्हणाले.

भाऊ माझ्याकडे पाहायला लागला. त्या दिवशी बाबा पेजेलाही नको म्हणाले होते, उशीलाही, खिडकी लावायलाही. हा नको कशाचा, ते सांगायला तिसरा शब्द त्यांच्याजवळ नव्हता. आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, “जाऊ द्या त्याले. पोराचं घर आहे त्याच्यावर.” बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

दिवाळी झाली. तो निघाला त्या दिवशीची यादी माझ्याजवळ नाही, लागतही नाही, सगळं पाठ आहे. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, दोन सतरंज्या, चिवडा, आईने दिलेली लोणच्याची बरणी, जी गाडीत फुटू नये म्हणून मी स्वेटरात गुंडाळली. स्टेशनवर भावजय आणि पुतणी आमगावहून आल्या होत्या. गाडी हलल्यावर भाऊ खिडकीतून ओरडला, “ताई, सकाळी त्याईले आधी डावा पाय खाली सोडू दे. ओढू नको.”

मी ओढलं नाही. रोज सकाळी “चला बाबा” म्हणायची आणि थांबायची. पाय खाली येत नसे. मिस्टरांनी एक खटपट करून पाहिली, भावाचा जुना कारखान्याचा शर्ट घालून खाटेजवळ गेले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि “नको” म्हणाले. मिस्टर शर्ट काढत म्हणाले, “सासरेबुवाले माल ओळखता येते.” आई हसायला लागली आणि मग रडायला लागली. नंतर भावाने रविवारी फोन करायचं ठरवलं. फोन कानाला लावून “चला बाबा” म्हटलं की बाबांचा डावा पाय थोडा सरकायचा. उभे मात्र राहिले नाहीत.

मे महिन्यात बाबांना न्यूमोनिया झाला. भावाला कळवलं तेव्हा तो पाळीवर होता. निघाला लगेच, पण दोन गाड्या बदलायच्या होत्या. बाबा रविवारी सकाळी गेले. त्या उन्हात लोक म्हणत होते, आटोपून घ्या. आई म्हणाली, तो येईपर्यंत नाही. आम्ही बर्फाच्या लाद्या आणल्या आणि थांबवून ठेवलं. सोमवारी भाऊ आला. दारातून आत येताना त्याने पायातले बूट काढले आणि खाटेकडे पाहिलं. खाट रिकामी होती, बाबा खाली होते. त्याला ते समजायला एक क्षण लागला.

तेरवीनंतर तो परत गेला, यावेळी बायको-मुलीला घेऊन.

जुलैच्या शेवटी, प्रवेशांच्या गर्दीत, माझ्या मोबाईलवर नागपूरचा नंबर आला. खिडकीसमोर पोरांची रांग होती. मी उचलला.

“मॅडम, सरांचा नंबर लागत नाही, म्हणून तुम्हाला केला. मेलमध्ये तुमचा होता.” मी आवाज ओळखला. “ती क्यूसी केमिस्टची जागा. होल्ड निघाला. कंपनीने आठवड्यात माणूस मागितला आहे. मी म्हटलं होतं ना, फोन करीन.”

तिने शब्द पाळला होता. मला रांगेतल्या पोराने अर्ज दिला आणि मी तो तसाच हातात धरून राहिले.

“सर अजून शोधत आहेत का, मॅडम? की तिकडेच राहणार?”

नऊ महिन्यांपूर्वी आम्ही तिला जे विचारलं होतं, ते आता ती आम्हाला विचारत होती. मी म्हटलं, “विचारून सांगते. दोन दिवसांत कळवते.”

“आणि बाबा कसे आहेत?”

ते मी सांगितलं.

“ओह,” ती म्हणाली. मग, “मी तेव्हा थांबा म्हणायला पाहिजे होतं का?”

“नाही,” मी म्हटलं. “तेव्हा जे खरं होतं ते तुम्ही सांगितलं.” हे मी तिला समजवायला बोलले नाही. मला तसंच वाटत होतं, आजही वाटतं.

घरी मिस्टरांना सांगितलं, तर ते जेवता जेवता थांबले. “नऊ महिने थांबला असता तर बुढ्याच्या जवळ राह्यला असता. अना आज नागपूरले लागला असता.” हे त्यांनी मला टोचायला म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त जे झालं ते वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. मी म्हटलं, थांबला असता तर नऊ महिने पोरगी आमगावलाच राहिली असती आणि होल्ड निघेल हे कोणाला माहीत होतं? “ते बी खरं,” ते म्हणाले. आईने उठून बाबांच्या खाटेवरची सतरंजी झटकली आणि पुन्हा अंथरली.

भावाला रात्रपाळी होती, फोन दुसऱ्या दिवशी लागला. मी सगळं सांगितलं. तिकडून समुद्राच्या वाऱ्याचा आवाज येत होता.

“नागपूरले कशाले येऊ आता, ताई?” तो म्हणाला. मग म्हणाला, “आई आहे पन.” मग, “पोरीची शाळा इथं आताच सुरू झाली.” आणि शेवटी, “तिले सांग, कळवतो म्हणून. मी कळवतो तुले.”

त्याने कळवलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो दुसऱ्या गोष्टीवर गेला, आणि मला त्याच्या मनातलं समजलं तरी त्याचं उत्तर हो होतं की नाही होतं हे मला सांगता आलं नसतं. बाबांसारखाच झाला होता. दोन दिवस होऊन गेले, आठवडा गेला. ती जागा कोणीतरी भरली असणारच. आता तो तिकडेच आहे. आई वर्षातले चार महिने त्याच्याकडे जाऊन राहते.

मी मात्र त्या बाईला कळवते म्हणाले होते. हो की नाही, पण कळवते. अर्धं उत्तर देऊन तिला बसवून ठेवलं आणि आमच्या घरात ते चालत नव्हतं. जुन्या वर्षाची उरलेली कामं नव्या डायरीच्या पहिल्या पानावर उतरवायची माझी पद्धत आहे. गॅसचं पुस्तक, घरपट्टी, आईचा चष्मा. ही सगळी होतात आणि खोडली जातात. शेवटची ओळ दरवर्षी तशीच खाली उतरते: नागपूरला फोन, कळवणे राहिले.